रत्नागिरीत बसून हिमाचलातल्या वसतिगृहाचा हीटिंग लोड काढताना

कोकणात शिकलेल्या आपल्यापैकी बहुतेकांचा हात कूलिंग लोडवर बसलेला असतो, त्यामुळे भिंती, खिडक्या आणि छतातून जाणारी उष्णता तुम्ही बिनचूक काढाल. खरी अडचण हवेपासून सुरू होते. इन्फिल्ट्रेशनसाठी आपण सवयीने वापरतो तो 0.33 हा गुणक समुद्रसपाटीचा आहे. सुमारे 2000 मीटर उंचीवर हवा विरळ असल्याने तो 0.26 च्या आसपास येतो.

एक खोली घेऊ: 20 चौरस मीटर, उंची 3 मीटर, तीन विद्यार्थी, आत 20 अंश, बाहेर उणे 4. भिंती-खिडक्यांतून 1100 वॉट जातात असे धरा. तासाला एक हवाबदल मानल्यास फटींतून शिरणाऱ्या हवेचे 0.26 × 60 × 24, म्हणजे सुमारे 375 वॉट. माणशी सेकंदाला 8 लिटर ताजी हवा पंख्याने आत आणली, तर तिचे आणखी 540. बेरीज 2015 वॉट. (केवळ एक्झॉस्ट पंखा असेल, तर तीच हवा फटींतून येते, तेव्हा दोन्ही आकडे सरसकट बेरजेत धरू नका.)

आता वॉर्म-अप. मुले दिवसभर कॉलेजात असतात, हीटिंग बंद राहते आणि खोली 4 अंशांनी उतरते. मला सर्वांत उशिरा उमगले ते हे, की तापवायची असते ती हवा नव्हे, तर भिंती आणि स्लॅब. मध्यम वजनाच्या बांधकामासाठी दर चौरस मीटरला 165 किलोज्यूल प्रतिअंश धरले, तर या खोलीला 13,200 किलोज्यूल हवेत. तीन तासांत द्यायचे तर सुमारे 1220 वॉट लागतात.

येथेच ज्येष्ठ मंडळी "पंधरा टक्के टाका आणि सोडा" म्हणतात, आणि हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. पंधरा टक्क्यांनी 2317 वॉट होतात. ताज्या हवेचा डॅम्पर उघडा असताना त्यातले जेमतेम 300 भिंतींच्या वाट्याला येतात, आणि खोली तापायला ढोबळमानाने बारा तास लागतात! प्रत्यक्षात थोडे कमी, कारण थंड खोलीतून उष्णताही कमी जाते; पण संध्याकाळी परतलेली मुले कुडकुडणारच. डॅम्पर बंद ठेवला, तरी चार तासांहून अधिक.

मात्र घाबरून सगळे एकत्र मिळवून 3235 वॉटचा हीटरही घेऊ नका. खोली रिकामी असताना ताजी हवा लागत नाही, म्हणून 1100, 375 आणि 1220 यांची बेरीज, 2695, ही एक स्थिती आणि 2015 ही दुसरी. दोहोंतील मोठी निवडायची. तेवढे केले की हिशेब सुटतो, फारसे अवघड नाही. फक्त मुले येण्याआधी तीन तास हीटिंग सुरू होईल आणि तोवर डॅम्पर बंद राहील, हे नियंत्रणाच्या टिपणात स्पष्ट लिहा. नाहीतर साइटवरचा माणूस दोन्ही एकाच बटणावर जोडून मोकळा होतो.