या चुका टाळा: कॉलनंतरचं एक पानी प्रपोजल कोण वाचतं?

अपवर्कसारख्या फ्रीलान्स कामाच्या साइटवर बिड टाकताना वाचणारा आणि काम देणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो. गरज त्यानेच लिहिलेली असते, त्यामुळे आपण फक्त 'मी हे करू शकतो' एवढंच पटवायचं असतं. मोठ्या कंपनीत तसं होत नाही. कॉलवर आपल्याशी बोलतो ऑपरेशन्स मॅनेजर, आपला कागद तो फॉरवर्ड करतो डायरेक्टरला, तिथून तो अकाउंट्सकडे जातो आणि शेवटी परचेसमध्ये पोचतो. यातल्या तिघांनी आपला आवाजही ऐकलेला नसतो. कॉलनंतरच्या प्रपोजलमध्ये मी ज्या चुका केल्या आणि इतरांच्या कागदांत पाहिल्या, त्या जवळजवळ सगळ्या ही एक गोष्ट विसरल्यामुळे झालेल्या आहेत.

एक काम उदाहरणाला घेतो. गाड्यांचे स्पेअर पार्ट्स वितरित करणारी एक कंपनी. ऑफिस अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत, गोडाऊन भिवंडीला. 140 डीलर व्हॉट्सअॅपवर ऑर्डर टाकतात, ऑफिसातली दोन माणसं त्या टॅलीत चढवतात. त्यांना डीलरसाठी ऑर्डरचं पोर्टल हवं होतं. ओळखीतून नाव गेलं, पन्नास मिनिटांचा कॉल झाला आणि मॅनेजर म्हणाले, "अहो, एक पानात लिहून द्या, म्हणजे मला साहेबांपुढे ठेवता येईल." मूळ कागद इंग्रजीत होता, इथे त्यातली वाक्यं मराठीत देतो.

पहिली चूक: पानाची सुरुवात स्वतःपासून करणं

माझ्या पहिल्या मसुद्याची पहिली ओळ होती: 'मी सहा वर्षांचा अनुभव असलेला वेब डेव्हलपर असून लारावेल व रिअॅक्टमध्ये काम करतो.' ही बिडची सवय. डायरेक्टरला ही ओळ वाचून काहीच कळत नाही, कारण आपण कोणत्या अडचणीसाठी आलो आहोत हेच त्यांना माहीत नसतं. पानाचा वरचा चौथा भाग त्यांच्या परिस्थितीचा असायला हवा, आणि तोही त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच आकड्यांत. बदललेला परिच्छेद असा:

> सध्या 140 डीलर व्हॉट्सअॅपवर ऑर्डर पाठवतात. दिवसाला सुमारे 60 ऑर्डर दोन कर्मचारी टॅलीत हाताने चढवतात. त्यात दोघांचे मिळून रोज 6 तास, म्हणजे 26 दिवसांच्या महिन्याला 156 तास जातात. पार्ट नंबर चुकल्यामुळे आठवड्याला साधारण 5 पार्सलं परत येतात आणि प्रत्येक पार्सलामागे अंदाजे 900 रुपये जाण्यायेण्याचं भाडं पडतं.

यातला प्रत्येक आकडा कॉलवर मॅनेजरनेच सांगितलेला होता. आठवड्याला 4,500, म्हणजे महिन्याला 18,000 रुपये भाड्यात जातात, एवढा गुणाकार मी पानावर केला. कर्मचाऱ्यांच्या तासांची किंमत मात्र मुद्दाम काढली नाही. त्यांचा पगार आपल्याला माहीत नसतो. अंदाजाने लिहिलेला एक आकडा चुकला, की डायरेक्टर उरलेल्या पानावरही शंका घेतात. तास लिहावेत, पगाराचा हिशोब त्यांना तोंडपाठ असतो.

आणखी एक सवय मी लावून घेतली आहे. प्रपोजल लिहायला घेण्यापूर्वी, कॉलच्या दिवशीच संध्याकाळी, पाच-सहा ओळींची मेल पाठवायची: 'आज आपण बोललो त्यातून मला हे समजलं, आकडे बरोबर आहेत ना?' या कामात त्या मेलला उत्तर आलं की परत येणारी पार्सलं पाच नाहीत, कधी आठही होतात. पाच हा कमीत कमी आकडा आहे. मी पाचच ठेवले. कमी धरलेल्या आकड्यावर कुणी बोट ठेवत नाही.

दुसरी चूक: 'यात काय नाही' न लिहिणं

ही चूक मला सगळ्यात महाग पडली, म्हणून इथे जास्त थांबतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका कंपनीसाठी मी लिहिलं होतं, 'सर्व उत्पादनं पोर्टलवर उपलब्ध होतील.' मला वाटलं होतं, ते एक स्वच्छ एक्सेल देतील आणि मी ती चढवेन. त्यांनी गृहीत धरलं की टॅलीतली मालाची यादी मीच नीटनेटकी करून घेणार. एकच पार्ट तीन नावांनी नोंदलेला, कुठे पार्ट नंबरमध्ये डॅश, कुठे नाही, बंद झालेले आयटम तसेच पडलेले. अकरा दिवस मी फक्त ती यादी, म्हणजे आयटम मास्टर, साफ करत बसलो. त्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. माझ्या वाक्याचा त्यांनी लावलेला अर्थही तितकाच खरा होता.

तेव्हापासून कामाच्या यादीखाली तेवढ्याच ठळक अक्षरांत ही ओळ असते:

> यात समाविष्ट नाही: आयटम मास्टरची साफसफाई, मोबाइल अॅप, ऑनलाइन पेमेंट, डीलरना प्रत्यक्ष जाऊन प्रशिक्षण. यातलं काही हवं असल्यास वेगळा अंदाज देऊ.

अशा ओळीने ग्राहक बिचकेल अशी भीती अनेकांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे: ही ओळ वाचूनच डायरेक्टरने विचारलं, "ऑनलाइन पेमेंट नाही म्हणजे उधारीचं काय?" हा प्रश्न काम अर्ध्यावर आल्यावर निघाला असता तर भांडण झालं असतं. पानावर निघाला म्हणून पाच मिनिटांत मिटला.

याच भागात काम पूर्ण झालं हे कशावरून ठरणार, तेही लिहायचं. 'पोर्टल तयार होईल' यावरून काही ठरत नाही. 'एका डीलरने पोर्टलवर टाकलेली खरी ऑर्डर, हाताने काही न चढवता, टॅलीत सेल्स ऑर्डर म्हणून दिसली की टॅलीची चाचणी पास' हे वाक्य अकाउंट्सच्या माणसालाही तपासता येतं. वेळापत्रकाचंही तसंच. '15 तारखेपासून सात आठवडे' लिहू नका. 'पहिला हप्ता आणि आयटम मास्टरची एक्सेल मिळाल्यापासून सात आठवडे' असं लिहा. एक्सेल यायला तीन आठवडे लागले, तर ते आपल्या सातांतून जाऊ नयेत.

तिसरी चूक: रक्कम अर्धवट सांगणं

तासाचा दर इथे चालत नाही. परचेसवाला तो दर दुसऱ्या कुणाच्या दराशी ताडून पाहतो आणि कामाची गोष्ट तिथेच बाजूला पडते. एकच पूर्ण रक्कम द्या, पण ती अकाउंट्सला कळेल अशी मांडा. या कामात: फी 3,60,000 रुपये, 18 टक्के जीएसटी 64,800, एकूण 4,24,800 रुपये. हप्ते 40, 40 आणि 20 टक्क्यांचे: सुरुवातीला 1,44,000, टॅलीची चाचणी पास झाल्यावर 1,44,000, पोर्टल सुरू झाल्यावर 72,000, प्रत्येकावर जीएसटी वेगळा.

जीएसटी नोंदणी नसेल तर तो लावता येत नाही. तेही पानावर स्पष्ट लिहा, नाहीतर बिल आल्यावर अकाउंट्स विचारत बसतं. टीडीएस ते कापणारच. जीएसटी वेगळा दाखवला असेल तर कपात मूळ फीवर होते. 10 टक्के धरले तर इथे 36,000 रुपये कापले जातात, म्हणजे खात्यात एकूण 3,88,800 येतात. हा हिशोब पानावर नको, स्वतःच्या वहीत असावा, म्हणजे पहिला हप्ता कमी आला असं वाटून कुणाला नाहक फोन केला जात नाही.

आपली उद्यम नोंदणी असेल तर तो नंबर पानाच्या तळाला टाका. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला पैसे द्यायची मुदत लेखी करारानेही 45 दिवसांच्या पुढे नेता येत नाही. आयकराच्या नियमांमुळे ही मुदत चुकवलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला खर्चात धरता येत नाही. ही गोष्ट अकाउंट्सला नीट माहीत असते, त्यामुळे पत्रात धमकीवजा काही लिहायची गरज पडत नाही, नंबर पुरतो.

पाठवल्यावर उत्तर अडकलं तर

आलेल्या उत्तरावरून पानात कुठे गडबड आहे ते बऱ्यापैकी ओळखता येतं. "साहेब विचारतात, यात आपलं काय वाचणार?" असं आलं तर वरचा परिच्छेद कच्चा आहे, आकडे नाहीत, किंवा आहेत ते आपले आहेत, त्यांचे नाहीत. "जरा डिटेल प्रपोजल पाठवा" म्हटलं की घाबरून बारा पानं लिहायला बसू नका. आधी मॅनेजरला फोन करून विचारा, "कोणत्या ओळीवर प्रश्न आला?" बहुतेक वेळा प्रश्न एकाच ओळीचा असतो आणि ती ओळ समाविष्ट-असमाविष्टच्या भागातली असते.

"थोडं कमी होईल का?" याला दर कमी करून उत्तर देऊ नका, काम कमी करा. या कंपनीने हाच प्रश्न विचारला. डीलरला त्याची बाकी दाखवणारं पान मी पहिल्या टप्प्यातून काढलं आणि फी 3,10,000 केली. तेच काम ठेवून 50,000 सोडले असते, तर पहिला आकडा फुगवलेला होता असाच अर्थ निघाला असता.

आणि काहीच उत्तर नाही, तेव्हा बहुतेक वेळा पानाच्या शेवटी पुढचं पाऊल लिहिलेलं नसतं. 'आपल्या उत्तराची वाट पाहतो' हे पाऊल नाही. मी असं लिहितो: 'मान्य असल्यास या मेलला होकार द्यावा आणि व्हेंडर फॉर्म पाठवावा, पॅन, रद्द केलेला चेक आणि जीएसटी प्रमाणपत्र मी त्याच दिवशी देईन. हा दर 30 दिवस लागू.' मोठ्या कंपनीत व्हेंडर कोड तयार झाल्याशिवाय पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, निघत नाही, आणि पीओशिवाय अकाउंट्स बिल घेत नाही. फॉर्मची आठवण आपणच केली की मॅनेजरला पुढे काय करायचं ते कळतं.

बदल झाला की जुन्या फाइलवर नवी फाइल ठेवू नका. इथे दुसरी प्रत `Dealer-Order-Portal_Proposal_v2.pdf` या नावाने गेली, आणि मेलमध्ये एकच ओळ होती: 'बाकी दाखवणारं पान दुसऱ्या टप्प्यात नेलं, फी 3,60,000 वरून 3,10,000, बाकी सर्व तसंच.' पीओवर पुढे याच फाइलचं नाव आणि v2 असा उल्लेख आला.