रविवारच्या मीटिंगला येण्याआधी एवढं वाचून या

मंडळी, रविवारी सकाळी १० ला आपली विशेष सर्वसाधारण सभा आहे, नोटीस बोर्डावर लागलीच आहे. विषय एकच, बिल्डिंगच्या मोठ्या दुरुस्तीचं काम कॉन्ट्रॅक्टर 'अ' ला द्यायचं की 'ब' ला. दुरुस्ती करायची हे मागच्या सभेत ठरलंय, प्रत्येकी किती भरायचे तेही ठरलंय, त्यामुळे ते परत उकरून काढू नका, आणि पार्किंग, पाण्याची वेळ, कुत्री हे विषय नोटिशीत नाहीत म्हणजे त्यावर ठराव होणार नाही, कितीही आवाज चढवला तरी.

प्रत्येकाच्या दारात जो गठ्ठा टाकलाय तो बघून घाबरू नका, सगळा वाचायचा नाहीये. स्ट्रक्चरल ऑडिटमधले पानोपानी फोटो सोडून द्या, फक्त आपल्या फ्लॅटसमोर काय लिहिलंय ते शोधा. तिथे अल्ट्रासॉनिक टेस्टचा आकडा असेल, काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगाने जाते त्याचा. ३.५ किलोमीटर प्रति सेकंदच्या वर असेल तर ठीक, ३ च्या खाली असेल तर त्या जागी काँक्रीटच्या दर्जाबद्दल शंका आहे, एवढंच लक्षात ठेवा. एक काम मात्र घरीच करा, बाथरूमच्या डक्टला लागून जो कॉलम किंवा बीम आहे त्यावर लाकडी दांड्याने हलकेच ठोकून बघा (छतावर दणके देऊ नका, गिलावा अंगावर यायचा). खणखणीत आवाज आला तर बरं, पोकळ बद्द आवाज आला तर आतून गिलावा सुटलाय, बहुतेक सळई गंजून फुगलीय. जागा कागदावर लिहून आणा.

आता खरं वाचायचं ते शेवटचं पान, दोन्ही कोटेशनचा तुलनात्मक तक्ता. इथे दहा मिनिटं द्याच. बहुतेकजण खालची टोटल बघणार, 'अ' चे २६ लाख आणि 'ब' चे २६ लाख ९० हजार, आणि म्हणणार की अहो सेक्रेटरी, ९० हजार कमी आहेत ना मग चर्चा कसली. पण टोटलच्या वर तीन ओळी आहेत त्या बघा. पॉलिमर मॉर्टर (म्हणजे गंजलेली सळई साफ करून त्यावर जो खास थर देतात तो) ४,००० चौरस फूट, 'अ' चा रेट २६० रुपये, 'ब' चा २००. बाहेरचं प्लास्टर १०,००० चौ. फूट, 'अ' ९०, 'ब' १०५. रंग ३०,००० चौ. फूट, 'अ' २२, 'ब' २८. म्हणजे 'अ' ने रंग-प्लास्टर स्वस्तात लावलंय आणि पॉलिमर महाग.

यात गोम अशी की बिल ठरलेल्या रकमेचं नाही, प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे होणार. भिंत किती रंगवायची ते आज टेपने मोजता येतं, तो आकडा फारसा हलत नाही. पॉलिमरचा हलतो, कारण कन्सल्टंटने जे वरून दिसलं आणि ठोकून कळलं तेवढंच धरलंय, गिलावा फोडल्यावर आत काय निघेल ते तोडफोड झाल्याशिवाय कळत नाही आणि जुन्या बिल्डिंगमध्ये ते सहसा जास्तच निघतं. ४,००० चं ५,५०० झालं की दोघांचं बिल सारखं, २९ लाख ९० हजार. ६,००० झालं तर 'अ' चे ३१ लाख २० हजार आणि 'ब' चे ३० लाख ९० हजार, स्वस्त वाटणारा महाग पडला. उलट ५,५०० च्या आत थांबलं तर 'अ' च फायद्याचा, तेही खरं. तर प्रश्न हा आहे की आपलं काम ५,५०० च्या वर जाईल असं वाटतं का, आणि त्यासाठीच तुमचे ते ठोकून बघितलेले कागद हवेत, सगळ्यांचे एकत्र करून कन्सल्टंटला आधी विचारू मग हात वर करू. माझं मत विचाराल तर 'ब', पण कागद बघून बदलायची तयारी आहे.

आणखी एक, ३२ मेंबर आहोत, कोरमला २० लागतात, तर दहाला म्हणजे दहाला या. प्रॉक्सी चालत नाही, देशपांडे काकू, तुमच्या मुलाचं नाव सहसदस्य म्हणून लागलेलं आहे, तुम्ही गावी असाल तर तो मत देऊ शकतो, फक्त संमतीची चिठ्ठी द्या. प्रश्न असतील ते शनिवारी रात्रीपर्यंत मला लिहून पाठवा, कन्सल्टंट साडेअकराला निघणार आहेत.