कॅप्चा दिसत नाही म्हणून साईटला शिव्या देण्याआधी या चुका टाळा

राजारामपुरीत माझं ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. फॉर्मची मुदत संपत आली की एक वाक्य दिवसातून चारदा तरी कानावर पडतं, "काका, साईट बंद हाय." साईट खरोखर बंद असते तेव्हा सहसा लॉगिनचं पानच धड उघडत नाही. पान उघडलंय, युजरनेम-पासवर्डचे रकाने आलेत आणि फक्त कॅप्चाची जागा कोरी आहे, अशा वेळी मी आधी ब्राऊझरवर संशय घेतो.

सगळ्यात जास्त डोकं उठवणारी चूक म्हणजे प्रायव्हेट विंडोवर आंधळा विश्वास. गेल्या पावसाळ्यात एक पोरगं भिजत आलं, लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. भरतीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. सकाळपासून रिफ्रेश मारून झालं होतं, हिस्टरी पुसून झाली होती, त्यात सेव्ह केलेली लॉगिनंही उडाली होती. म्हणालं, "प्रायव्हेट विंडोत पण बघितलं काका, तिथं पण येत न्हाई. म्हंजे सर्व्हरच गंडलाय." माझ्या मशीनवर तेच पान उघडलं तर 'मी रोबोट नाही'चा चौकोन समोर हजर.

प्रायव्हेट विंडोची चाचणी कामाची आहे, कारण त्या विंडोत एक्स्टेंशन आपोआप चालत नाहीत. पण या पठ्ठ्यानं फायरफॉक्समध्ये uBlock Origin हा जाहिराती अडवणारा ब्लॉकर टाकताना Run in Private Windows ला परवानगी देऊन ठेवली होती. म्हणजे ब्लॉकर दोन्हीकडं चालू, आणि चाचणी खोटी. हे आधी एक्स्टेंशनच्या यादीत बघायचं असतं.

मग मी F12 दाबून Network उघडलं आणि पान रिफ्रेश केलं. गूगलकडं जाणाऱ्या ओळीपुढं स्वच्छ लिहिलेलं, Blocked By uBlock Origin. क्रोममध्ये अशा वेळी Console मध्ये ERR_BLOCKED_BY_CLIENT दिसतं. अर्थ एकच, मागणी सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही. याउलट 500 किंवा 503 आकडा दिसला तर दोष खरंच पलीकडचा, तिथं तुम्ही कितीही खटपट करा, उपयोग शून्य.

आता साधा ब्लॉकर असं सहसा करत नाही. पोरानं कुठला तरी व्हिडिओ बघून अॅडव्हान्स्ड मोड सुरू केला होता आणि 3rd-party scripts, 3rd-party frames हे दोन्ही रकाने लाल केले होते. 'मी रोबोट नाही'चा चौकोन म्हणजे गूगलचा रीकॅप्चा, तो त्या साईटचा नसतोच, तो www.google.com आणि www.gstatic.com वरून येतो, म्हणजे ब्लॉकरच्या लेखी परका. दारातच अडवला.

इथं लोक एक्स्टेंशनच काढून टाकतात. मला ते आवडत नाही. मी ब्लॉकरच्या खिडकीत उजवीकडचा, म्हणजे त्या साईटपुरता रकाना धरतो, google.com आणि gstatic.com या दोन ओळी राखाडी करतो, कुलपाच्या चिन्हावर क्लिक करून जपून ठेवतो आणि पान रिफ्रेश करतो. चौकोन आला. बाकी साईटवर त्याचे लाल नियम होते तसेच राहिले. एवढा खटाटोप नको असेल तर मोठं पॉवरचं बटण दाबून त्या साईटपुरता ब्लॉकर बंद करा, पण पान रिफ्रेश करायला विसरू नका. अर्धे लोक बटण दाबून कोऱ्या जागेकडं तसेच बघत बसतात.

वेड्यावाकड्या अक्षरांचं जुन्या पद्धतीचं चित्र असेल तर ते बहुधा साईटच्याच सर्व्हरवरून येतं. तिथं तुटक्या चित्रावर राईट क्लिक करून ते नव्या टॅबमध्ये उघडायची युक्ती सगळ्यांना माहीत असते. फक्त बऱ्याच साईट प्रत्येक वेळी नवं चित्र काढतात, तेव्हा जुनं कुठं दिसलं असेल तर विसरा आणि शेवटी उघडलेल्या चित्रातलीच अक्षरं टाका. चित्र दिसतंय, अक्षरं बरोबर आहेत, तरी प्रत्येक वेळी 'चुकीचा कॅप्चा' येतोय? कुकी अडवलेली असते, नाहीतर तेच पान दोन टॅबमध्ये उघडं असतं.

फायरफॉक्सचं Strict ट्रॅकिंग संरक्षण असेल तर पत्त्याच्या डावीकडची ढाल, ब्रेव्ह असेल तर सिंहाचं चिन्ह. तिथून फक्त त्या साईटपुरतं बंद करा.

कॅप्चा भरून देतो म्हणणारी एक्स्टेंशन मात्र माझ्या मशीनवर कुणी टाकायची नाहीत. लॉगिनच्या पानावरचं सगळं वाचायची परवानगी त्यांना देऊन वर पासवर्ड टाइप करणाऱ्याला मी खुर्चीवर बसू देत नाही.

त्या पोराचा फॉर्म सव्वापाचला सबमिट झाला. पावतीची प्रिंट काढून दिली, ती त्यानं लॅपटॉपच्या पिशवीतच कोंबली.