इनामदार, जहागीरदार: आडनावामागचा हक्क कसा ओळखावा

‘आडनाव इनामदार म्हणजे सगळं गाव त्यांच्या मालकीचं’ हे वाक्य आधी डोक्यातून काढून टाका. या एका समजुतीमुळे घराण्यांचे इतिहास पानंच्या पानं चुकीचे लिहिले गेले आहेत.

सुरुवात शेवटच्या अक्षरांपासून करा. ‘नीस’ हे फारसी ‘नवीस’चं रूप, म्हणजे लिहिणारा. फडणीस, चिटणीस, सबनीस ही लेखणीची कामं. ‘दार’ म्हणजे धारण करणारा. पण काय धारण करणारा, ते ‘दार’च्या आधीच्या शब्दावर ठरतं. सुभेदार, किल्लेदार, दफ्तरदार यांच्याकडे हुद्दा होता. इनामदार, जहागीरदार यांच्याकडे उत्पन्न होतं. मिरासदार मात्र वंशपरंपरेनं जमीन कसणारा रयत, म्हणजे सारा भरणारा. तोच ‘दार’, पण एक सारा घेणारा आणि दुसरा देणारा.

मग घराण्याचं जुनं आडनाव आणि मूळ गाव काढा. एकाच गावात वेगवेगळ्या जातिधर्मांचे इनामदार सापडतात, त्यामुळे आडनावावरून जात ठरवू नका.

आता खरी अडचण: इनाम होतं ते नेमकं कशाचं? याचं उत्तर सनदेत मिळतं, आणि बहुतेक जण सनदेतलं फक्त गावाचं नाव वाचून थांबतात. मोडी सनदेत साधारण असा मजकूर येतो: ‘मौजे अमुक, दरोबस्त, कुलबाब कुलकानू, हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी, जल तरु तृण काष्ठ पाषाण निधिनिक्षेपसहित, हक्कदार व इनामदार खेरीज करून, इनाम पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने दिला असे.’ हा मजकूर ठरावीक साच्याचा वाटतो म्हणून लोक तो गाळतात. तसं अजिबात करू नका, कारण सगळा अर्थ तिथेच आहे.

‘दरोबस्त’ म्हणजे गाव पूर्ण, त्यातला हिस्सा नव्हे. ‘कुलबाब कुलकानू’ म्हणजे वसुलाच्या सगळ्या बाबी. ‘हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी’ म्हणजे आजच्या आणि पुढे बसतील त्याही पट्ट्या. इथपर्यंत सरकारनं फक्त आपला वसुलाचा हक्क सोडला आहे. ‘जल तरु तृण…’ आलं की पाणी, झाडं, गवत, दगड आणि पुरलेलं धनही देणगीत येतं, म्हणजे हक्क वसुलापलीकडे जातो. हा भाग नसेल तर तसा दावा लिहू नका.

सगळ्यात महत्त्वाचे शब्द मात्र ‘हक्कदार व इनामदार खेरीज करून’ हे आहेत. पाटील, कुलकर्णी, देशमुख यांचे हक्क आणि आधीची इनामं जशीच्या तशी राहिली, असा त्याचा अर्थ. मिरासदाराची जमीन मिरासदाराकडेच राही. पूर्वी सरकारात जाणारा सारा तो आता इनामदाराकडे भरी, इतकाच फरक. ‘पुत्रपौत्रादि’ नसेल तर इनाम हयातीपुरतं होतं का, ते तपासल्याशिवाय पुढच्या पिढीला इनामदार म्हणू नका. शेवटी ‘प्रतिवर्षी नवीन पत्राचा आक्षेप न करणे, प्रत लिहून घेऊन हे पत्र भोगवटियास परतोन देणे’ अशी सूचना येते. ती देशमुख-देशपांडे आणि गावच्या मोकदमासाठी, म्हणजे पाटलासाठी असते. म्हणूनच मूळ सनद घरात आणि तिची नक्कल दफ्तरात सापडते.

जहागीरदाराचं गणित वेगळं. 1719 मध्ये दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मराठ्यांना मिळाल्या. त्यानंतर मोगलाई गावात एकाच वसुलाचे अनेक वाटेकरी झाले. सरदेशमुखी बाजूला ठेवा आणि वसूल 1000 रुपये धरा. चौथाई 250. तिची वाटणी अशी: राजाचा वाटा बाबती 62.50, सरदारांचा मोकासा 165, पंतसचिवाचा साहोत्रा 15, राजा मर्जीनं देई तो नाडगौडा 7.50. उरलेले 750 म्हणजे जहागिरीचा अंमल, म्हणजे वसुलाचा हक्क. म्हणजे त्याच गावात मोकासा घेणारा मोकाशी आणि जहागीरदार दोघेही खरे असू शकतात. एक खरा म्हणून दुसरा खोटा ठरवू नका. कागदात ‘अंमल’ शब्द दिसला की गाव कोणाचं हे विचारू नका, कोणता अंमल ते विचारा.

सनद हाताशी नसेल तर तलाठ्याकडे गाव नमुना 3 मागा. दुमाला जमिनींची, म्हणजे सरकारनं सारा सोडलेल्या जमिनींची ती नोंदवही आहे. तिथला इनाम वर्ग पाहा. वर्ग 2 म्हणजे जात इनाम, म्हणजे व्यक्तीला दिलेलं; वर्ग 3 म्हणजे देवस्थान. देवस्थान असेल तर घराणं फक्त वहिवाटदार असू शकतं, हक्क देवाचा. 1852 नंतर इनाम कमिशननं केलेल्या चौकशीचे कागद पुणे पुराभिलेखागारात आहेत. त्यासाठी मोडी येणारा माणूस सोबत न्या.

मराठवाड्यातल्या घराण्यांसाठी हा रस्ता चालत नाही. तिथल्या जहागिरी निजाम राज्याच्या होत्या आणि 1949 मध्ये हैदराबादच्या स्वतंत्र कायद्यानं गेल्या. शिवाय कागदांवर फसली सन, म्हणजे निजामाचं महसुली वर्ष असतं. त्यात 590 मिळवा, साधारण इसवी सन येतो.