वेव्हगाइडची कटऑफ फ्रिक्वेन्सी आणि मोड ठरवताना या चुका टाळा

आयताकृती पोकळ वेव्हगाइडचं कटऑफचं सूत्र एका ओळीत मावतं, तरी त्यातून आलेलं उत्तर आणि बाकावरचं मोजमाप पुष्कळदा जुळत नाही. गणित बहुतेक वेळा बरोबर असतं. चूक होते ती सूत्रात काय घातलं आणि आलेल्या आकड्याचा अर्थ काय लावला, इथे. एक्स-बँडचा नेहमीचा डब्ल्यूआर-९० वेव्हगाइड घेऊन या चुका पाहू.

त्याची आतली रुंदी a २२.८६ मिमी आणि आतली उंची b १०.१६ मिमी. आत हवा आहे. आधी बरोबर उत्तर काय येतं ते हाताशी असू द्या:

```python
from math import sqrt
c = 299.792458              # मिमी x गिगाहर्ट्झ
a, b, er = 22.86, 10.16, 1.0
for m in range(4):
    for n in range(4):
        if m == 0 and n == 0:
            continue
        fc = c/(2*sqrt(er)) * sqrt((m/a)**2 + (n/b)**2)
        if fc < 17:
            print(m, n, round(fc, 3), "TE, TM" if m and n else "TE")
```

प्रकाशाचा वेग मिमी गुणिले गिगाहर्ट्झ या एककात २९९.७९ असा धरला की मापं थेट मिमीत घालता येतात आणि शून्यं मोजण्याची चूक टळते. टीई-१० ला ६.५५७, टीई-२० ला १३.११४, टीई-०१ ला १४.७५४ आणि टीई-११ व टीएम-११ या जोडीला १६.१४५ गिगाहर्ट्झ येतात. म्हणजे १० गिगाहर्ट्झला या वेव्हगाइडमधून एकच मोड पुढे जातो.

बाहेरचं माप घेणं

व्हर्नियर बाहेरून लावणं सोपं, म्हणून बाहेरचंच माप सूत्रात जातं. डब्ल्यूआर-९० ची भिंत १.२७ मिमी जाड असते, त्यामुळे बाहेरची रुंदी भरते बरोबर २५.४ मिमी. तो आकडा a म्हणून घातला की कटऑफ ५.९० गिगाहर्ट्झ येतो, म्हणजे खऱ्यापेक्षा जवळपास १० टक्के कमी. नावातला ९० हाच आतल्या रुंदीचा पुरावा आहे: ०.९० इंच, म्हणजे २२.८६ मिमी. लहरीला दिसते ती धातूची आतली बाजू. मायक्रोवेव्हला प्रवाह त्या पृष्ठभागाच्या एखाद-दोन मायक्रोमीटरच्या थरातच वाहतो. भिंत किती जाड आहे याचा कटऑफशी काही संबंध नाही.

शंका असेल तर स्लॉटेड लाइनवर तपासा. टोकाला शॉर्ट लावा, स्रोत १० गिगाहर्ट्झवर ठेवा आणि प्रोब सरकवत मिनिमा शोधा. मॅक्सिमा वापरू नका. त्यांचा माथा सपाट असतो, त्यामुळे जागा नेमकी पकडता येत नाही. मिनिमम मात्र टोकदार असतो. लागोपाठचे चार मिनिमा टिपा आणि पहिला ते चौथा हे अंतर तीनने भागा. समजा ते अंतर ५९.५५ मिमी भरलं, तर दोन मिनिमांमधलं अंतर १९.८५ मिमी आणि गाइडमधली तरंगलांबी त्याच्या दुप्पट, ३९.७० मिमी.

इथे आणखी एक गफलत होते. १० गिगाहर्ट्झची मोकळ्या हवेतली तरंगलांबी २९.९८ मिमी आहे, म्हणून मिनिमा १५ मिमीवर यायला हवेत अशी अपेक्षा धरली जाते आणि १९.८५ दिसलं की उपकरणावर संशय घेतला जातो. उपकरण ठीक आहे. गाइडमधली तरंगलांबी मोकळ्या हवेतल्यापेक्षा नेहमीच मोठी असते आणि कटऑफच्या जवळ जाल तशी ती ताणत जाते. तिघांचं नातं असं:

```
1/L0^2 = 1/Lg^2 + 1/(2a)^2
```

L0 ला २९.९८ आणि Lg ला ३९.७० घाला. 2a येतो साधारण ४५.७ मिमी, म्हणजे a सुमारे २२.९ मिमी. आतलं माप मिळालं. बाहेरचं २५.४ खरं असतं तर मिनिमा १८.५७ मिमीवर आले असते. सव्वा मिमीचा हा फरक व्हर्नियरवर स्वच्छ दिसतो. तुमचं उत्तर या दोन्हींपासून लांब असेल तर आधी स्रोताची फ्रिक्वेन्सी तपासा. १० गिगाहर्ट्झ समजून ९ वर काम चाललेलं असलं तर मिनिमा २४.३ मिमीवर येतात.

नसलेले मोड मोजणं

टीएम-१० किंवा टीएम-०१ हे मोड या वेव्हगाइडमध्ये नसतातच. सूत्र टीई आणि टीएमला एकच असल्यामुळे ते टीएम-१० चाही आकडा निमूटपणे देतं आणि यादी उगीच लांबते. कारण असं: टीएममध्ये लांबीच्या दिशेचं विद्युत क्षेत्र चारही भिंतींवर शून्य व्हावं लागतं, म्हणून ते दोन साइनांच्या गुणाकाराच्या रूपात येतं. m किंवा n शून्य झाला की त्यातली एक साइन सगळीकडे शून्य होते आणि क्षेत्रच उरत नाही. टीईमध्ये त्या जागी कोसाइन असतात, त्यामुळे एक अंक शून्य चालतो. दोन्ही शून्य मात्र चालत नाहीत.

b ला कमी लेखण्याची चूकही इथलीच. टीई-१० च्या कटऑफमध्ये b येत नाही हे खरं, पण तो किती बँड मोकळा राहतो ते ठरवतो. याच रुंदीच्या गाइडची उंची १५ मिमी केली तर टीई-०१ चा कटऑफ ९.९९ गिगाहर्ट्झवर उतरतो आणि एकाच मोडचा पट्टा टीई-२० पर्यंत पोचायच्या आधीच संपतो. उंची रुंदीच्या निम्मी किंवा त्याहून थोडी कमी ठेवतात ती यासाठी.

कटऑफला भिंत समजणं

ही चूक सर्वांत महागात पडते, कारण ती कागदावर दिसत नाही. कटऑफच्या खाली लहर एकदम थांबत नाही. ती पुढे जाताना घातांकी वेगाने विरत जाते, आणि किती विरेल हे लांबीवर अवलंबून असतं:

```
A (dB/mm) = (54.58/Lc) * sqrt(1 - (f/fc)^2)
```

टीई-१० साठी Lc म्हणजे 2a, ४५.७२ मिमी. ६ गिगाहर्ट्झला हे उत्तर मिमीला ०.४८ डेसिबल येतं. १०० मिमी लांब तुकड्यात ४८ डेसिबल, म्हणजे सिग्नल जवळपास गेलाच. तोच तुकडा १० मिमीचा असेल तर पाचही डेसिबल नाहीत. दोन कोॲक्स अडॅप्टर समोरासमोर जोडून ६ गिगाहर्ट्झला सिग्नल आरपार दिसला, तर सूत्र खोटं ठरत नाही. प्रोबमधलं अंतरच पुरेसं नव्हतं. मधे १०० मिमीचा सरळ तुकडा घाला आणि पुन्हा मोजा.

हेच वरच्या टोकालाही लागू आहे. टीई-२० चा कटऑफ १३.११ असताना डब्ल्यूआर-९० ची शिफारस १२.४ गिगाहर्ट्झलाच का संपते, याचं उत्तर यात आहे. कोपरा, प्रोब किंवा नीट न बसलेला फ्लँज अशा प्रत्येक ठिकाणी टीई-२० थोडा तयार होतो आणि विरतो. टीई-२० चा Lc २२.८६ मिमी. १० गिगाहर्ट्झला तो मिमीला सुमारे १.५ डेसिबल विरतो, म्हणजे १० मिमीवर १५ डेसिबल. १२.४ ला विरण्याचा वेग मिमीला ०.७८ वर येतो आणि त्याच १० मिमीत आठही डेसिबल जात नाहीत. दोन अडथळे जवळजवळ असतील तर ते या विरत्या क्षेत्रातून एकमेकांशी जोडले जातात, आणि प्रत्येकाचं वेगळं मोजमाप करून काढलेला एकत्रित अंदाज चुकतो. म्हणून बँडच्या वरच्या टोकाला अडथळ्यांमध्ये जास्त अंतर सोडा.

खालच्या टोकाला ८.२ गिगाहर्ट्झची मर्यादा वेगळ्या कारणाने आहे. ६.७ गिगाहर्ट्झ कटऑफच्या वरच आहे, पण तिथे गाइडमधली तरंगलांबी २१८ मिमीच्या आसपास जाते आणि ऊर्जा मोकळ्या हवेतल्या वेगाच्या पाचव्या हिश्शाने सरकते. फ्रिक्वेन्सी जराशी हलली की फेज भलतीकडे जाते, आणि भिंतीतला क्षयही वाढतो. तिथे घेतलेलं मोजमाप उद्या पुन्हा तसंच येईल याचा भरवसा नाही.

मोडला परवानगी आहे म्हणजे तो आहेच, असं धरणं

१४ गिगाहर्ट्झला टीई-२० ला परवानगी आहे, तरी तो दिसेलच असं नाही. त्याचं विद्युत क्षेत्र रुंदीच्या बरोबर मध्यावर शून्य असतं. रुंद भिंतीच्या मध्यरेषेवर बसवलेला प्रोब त्याला जवळजवळ उचलतच नाही, आणि दोन्ही बाजूंना सारखा असलेला अडथळाही त्याला जन्म देत नाही. प्रोब मिमीभर सरकलेला असेल, फ्लँज एका बाजूला घसरलेला असेल, तरच तो उगवतो. १३.११ च्या वर ट्रान्समिशनमध्ये अरुंद खाचा दिसल्या तर फ्लँजचे स्क्रू सैल करा, मार्गदर्शक पिना बसल्याची खात्री करा आणि पुन्हा आवळा. खाचा हलल्या किंवा उथळ झाल्या तर दोष जुळणीत आहे.

डायइलेक्ट्रिक विसरणं

टेफ्लॉनचा सापेक्ष परावैद्युत स्थिरांक सुमारे २.१. पूर्ण छेद टेफ्लॉनने भरला की सगळे कटऑफ १.४४९ ने भागले जातात: टीई-१० येतो ४.५२ वर, टीई-२० ९.०५ वर आणि टीई-०१ १०.१८ वर. म्हणजे १० गिगाहर्ट्झला जिथे एकच मोड होता तिथे आता दोन आहेत. छेदाचा काही भागच भरलेला असेल तर मात्र ही भागणी लावू नका. खरा कटऑफ हवेच्या आणि पूर्ण भरलेल्या आकड्याच्या मधे कुठेतरी असतो आणि तो वेगळा काढावा लागतो.

याचा उपद्रव सीलबंद खिडकीत जास्त होतो. गाइडमध्ये टेफ्लॉनचा जाड गट्टू बसवला की गट्टूच्या आत टीई-२० ला वाट मोकळी असते, बाहेरच्या हवेत मात्र बंद. गट्टू किंचित तिरका बसला की टीई-२० तयार होतो, बाहेर पडू शकत नाही आणि आतच घुमतो. ट्रान्समिशनमध्ये याची खूण म्हणजे ९.०५ आणि १३.११ च्या मधे कुठेतरी एक अरुंद, खोल खाच, जी गट्टू काढल्यावर नाहीशी होते. गट्टू पातळ केला तर खाच वर सरकते आणि पुरेसा पातळ असेल तर कामाच्या पट्ट्याबाहेर जाते. गट्टू जाडच हवा असेल, तर तेवढ्या भागात गाइडची रुंदी १.४४९ ने कमी करून १५.७८ मिमी ठेवा. मग आतही टीई-२० चा कटऑफ १३.११ वरच राहतो. रुंदी बदलल्याने दोन्ही टोकांना परावर्तन येईल, त्याची जुळवणी वेगळी करावी लागेल.