रामिप्रिलचा खोकला

दुसऱ्या वर्षाला फार्मॅकच्या, म्हणजे औषधशास्त्राच्या, साइड इफेक्टच्या याद्या मी नुसत्या घोकायचो आणि पेपरात एसीई इनहिबिटर आणि एआरबी या बीपीच्या औषधांच्या दोन गटांची अदलाबदल करून यायचो. सुटीत जळगावला मावशीकडे गेलो. तिला बीपीसाठी रामिप्रिल हे एसीई इनहिबिटर चालू होतं आणि ती सारखी कोरडं खोकत होती. तेव्हा ट्यूब पेटली.

एसीई हे एन्झाइम दोन कामं करतं: अँजिओटेन्सिन-२ बनवतं आणि ब्रॅडीकायनिन मोडतं. रामिप्रिलने ते अडलं की ब्रॅडीकायनिन साचतं, म्हणून खोकला. लोसार्टन हे एआरबी त्या एन्झाइमला हातच लावत नाही, अँजिओटेन्सिन-२ जिथे काम करतं तो पुढचा एटी-१ रिसेप्टर अडवतं. डॉक्टरांनी मावशीला तेच दिलं. खोकला जायला मात्र तीन आठवडे लागले.

पुढच्या पेपरात विचारलं होतं, दोन्ही गटांत सारखा दुष्परिणाम कोणता? पर्यायांत खोकला टपून बसला होताच. मी पाहिलं, दोन्हींत कमी काय होतं? अँजिओटेन्सिन-२चा परिणाम. म्हणून अल्डोस्टेरॉन हे हार्मोन घटतं आणि लघवीतून पोटॅशियम कमी जातं. उत्तर हायपरकॅलेमिया, म्हणजे रक्तात पोटॅशियम वाढणं. (किडनी अधू असेल तर आमची जळगावची केळीही जपूनच खावी लागतात.)

अँजिओएडिमाला, म्हणजे ओठ, जीभ, चेहरा सुजण्याला, मात्र ब्रॅडीकायनिनचा हा नियम पूर्ण पुरत नाही. एआरबीनेही तो क्वचित होतो, त्यामुळे ‘कधीच होत नाही’ हा पर्याय मी सोडून देतो.