भाड्याची तारीख पगारानंतर कशी सरकवून घ्यावी

परदेशात नव्याने आलेल्यांपैकी बरेच जण भाड्याच्या तारखेकडे लक्ष न देताच करारावर सही करतात. पगार कधी होणार हे तेव्हा माहीतच नसतं. मग दोन महिन्यांनी त्यांचा मला फोन येतो की भाडं १ तारखेला जातं आणि पगार ५ तारखेला येतो, मधले चार दिवस खातं कोरडं असतं. माझं पहिलं वर्ष असंच गेलं. मी मालकाला दर महिन्याला "चार दिवस थांबाल का" असा निरोप पाठवायचो, ते थांबायचेही. घर बदलायची वेळ आली तेव्हा नव्या मालकाने जुन्याकडे चौकशी केली आणि उत्तर आलं की भाडेकरू चांगला आहे, पण भाडं नेहमी उशिरा देतो. मालक खोटं बोलत नव्हते. करारात १ तारीख होती आणि पैसे ५ तारखेला जात होते. तोंडी मिळालेली सवलत कागदावर उशीर म्हणूनच दिसते. म्हणून दर महिन्याला मुदत मागण्यापेक्षा एकदाच तारीख बदलून घ्या.

त्यासाठी घाई मात्र करू नका. नोकरी लागल्यावर पहिला पगार बरेचदा नेहमीच्या तारखेला येत नाही. कंपनीत पगाराचा हिशोब महिन्यातल्या एका ठरावीक दिवशी बंद होतो. त्यानंतर रुजू झालात तर ते दिवस पुढच्या महिन्याच्या पगारात धरले जातात. किमान दोन, जमलं तर तीन पगार खात्यात पडू द्या आणि बँकेच्या उताऱ्यावर कोणत्या दिवशी पडले ते बघा. पगाराच्या स्लिपवरची तारीख आणि पैसे प्रत्यक्ष जमा झाल्याची तारीख वेगळी असू शकते. आपल्याला दुसरी हवी. तारीख शनिवार-रविवारी किंवा बँकेच्या सुट्टीत आली तर पगार आधी टाकतात की नंतर, हेही पगार विभागाला विचारून घ्या. या एका उत्तराने दोन-तीन दिवसांचा फरक पडतो.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाचं उदाहरण घेऊ. पगार ५ तारखेला, भाडं १ तारखेला. त्याने ५ तारीखच मागायची ठरवली होती. मी नको म्हटलं. त्याच्या कंपनीत सुट्टी आली की पगार पुढच्या कामाच्या दिवशी पडायचा. ५ तारीख शनिवारी आली की पैसे सोमवारी, म्हणजे ७ ला. त्याच्या बँकेतून मालकाच्या बँकेत जायला आणखी एक दिवस धरायचा. म्हणून आम्ही ८ तारीख मागितली. पगाराच्या दिवशीचीच तारीख मागितली तर एखाद्या महिन्यात ती चुकते, आणि तुम्हीच मागून घेतलेली तारीख तुम्हीच पाळली नाही असं होतं.

आता मालकाच्या बाजूने बघा. तुमची विनंती त्यांना एवढीच ऐकू येते: माझे पैसे यापुढे सात दिवस उशिरा येणार. त्यांचा घराच्या कर्जाचा हप्ता ३ तारखेला जात असेल तर त्यांची अडचण खरी आहे. आधी तेच विचारा, की महिन्यातली कोणती तारीख तुम्हाला चालत नाही. मध्ये एजन्सी असेल तर एजंटला "मालकांना विचारून सांगा" असं स्पष्ट म्हणा. तारीख बदलायला मालकाची संमती लागते, आणि बरेचदा नकार समोरचा कर्मचारीच देऊन टाकतो, मालकापर्यंत गोष्ट पोचतही नाही.

त्या मुलाचे मालक आधी नाहीच म्हणाले. तेव्हा आम्ही मधल्या दिवसांचं भाडं आधी द्यायची तयारी दाखवली. हा भाग नीट समजून घ्या, कारण गोंधळ इथेच होतो.

त्याचं महिन्याचं भाडं ९०० धरू. वर्षाचं १०,८००, त्याला ३६५ ने भागलं की दिवसाचं साधारण २९.५९. १ ते ७ एप्रिल या सात दिवसांचे २०७ त्याने १ एप्रिललाच दिले. मग ८ एप्रिलला पूर्ण ९०० दिले, ते ८ एप्रिल ते ७ मे या काळाचे. पुढचे ८ मेला. मालकाचा एकही दिवस बिनभाड्याचा राहिला नाही. मुलाला पगाराआधी ९०० ऐवजी फक्त २०७ उभे करावे लागले, तेही एकदाच. महिन्याच्या दिवसांनी भागलं तर आकडा थोडा बदलतो, ३० ने भागल्यास २१० येतात. कोणतीही पद्धत चालेल, पण कोणती वापरली ते लिहून ठेवा.

हे २०७ जास्तीचे गेले का? नाही, पण एका अटीवर. भाड्याचा महिनाच आता ८ ते ७ असा झाला आहे, हे दोघांनीही मान्य केलं पाहिजे. मालक २०७ घेऊन वर ८ तारखेचे ९०० पूर्ण एप्रिलचे म्हणून धरत असतील, तर पहिल्या सात दिवसांचं भाडं दोनदा गेलं. घर सोडताना हिशोब असा होतो: ३१ ऑगस्टला सोडायचं असेल तर ८ ऑगस्टला पूर्ण ९०० द्यायचे नाहीत, ८ ते ३१ अशा २४ दिवसांचे ७१० द्यायचे. एक गोष्ट मात्र आधी तपासा. काही करारांत नोटिशीची मुदत भाड्याच्या महिन्याच्या शेवटीच संपावी लागते. तसं असेल तर महिना सरकल्यावर घर सोडायची तारीखही सरकेल.

मालक समजूतदार असतील तर एवढं काहीच लागत नाही. महिना १ ते ३० तोच राहतो, पैसे फक्त ८ तारखेला जातात, मधलं भाडं द्यावं लागत नाही. म्हणून आधी हेच मागा. मधल्या दिवसांचं भाडं नकार आला तरच पुढे करा.

विनंती लेखी करा आणि उशीर व्हायच्या आधी करा. मजकूर छोटा पुरे: "माझा पगार दर महिन्याच्या ५ तारखेला जमा होतो, मागच्या तीन महिन्यांचा उतारा सोबत आहे. भाड्याची तारीख १ ऐवजी ८ करता येईल का? भाड्याची रक्कम आणि करारातल्या बाकी अटी त्याच राहतील." उताऱ्यावरचे बाकीचे खर्च झाकले तरी चालतात, पगाराच्या ओळी दिसल्या पाहिजेत. होकार आला की करारातल्या त्या कलमाचा बदल दोघांच्या सहीने किंवा निदान ईमेलवर घ्या. त्यात नवी तारीख, ती कोणत्या महिन्यापासून लागू, आणि उशिराचा दंड आता नव्या तारखेपासून मोजला जाईल, हे तिन्ही हवं. करारावर खोलीतल्या साथीदारांच्याही सह्या असतील तर त्यांची संमतीही लागेल.

ज्यांना दर चार आठवड्यांनी पगार मिळतो त्यांना याचा फारसा उपयोग नाही. त्यांच्या पगाराची तारीख दर महिन्याला मागे सरकत जाते आणि वर्षात १३ पगार होतात. त्यांनी एका महिन्याचं भाडं हळूहळू बाजूला साठवणं जास्त सोपं.

शेवटचं काम बँकेतलं. १ तारखेला भाडं आपोआप पाठवायची बँकेला दिलेली जुनी सूचना स्वतःहून रद्द होत नाही. लेखी होकार हातात आल्यावरच ती रद्द करा, आणि बँकेने ती खरोखर थांबवल्याची नोंद ॲपमध्ये बघा. नाहीतर १ ला ९०० आणि ८ ला पुन्हा ९०० जातील. नव्या तारखेचं पहिलं भाडं स्वतः हाताने पाठवा, मालकाकडून मिळाल्याचा निरोप घ्या, आणि मग पुढच्या महिन्यापासून ८ तारखेची सूचना लावा.